एकदा पैसे गेले पण चलनच नाही, दुसऱ्यांदा चलन आलं पण वर्ष चुकलं : पाचपाखाडीच्या काकांचं प्रकरण

गणपतीत आमच्याकडे इन्कम टॅक्स रिटर्नचं काम जवळजवळ थांबतं, लोक गावाला जातात, आणि २०२५ मध्ये तर तारीख ३१ जुलैची १५ सप्टेंबर केली होती त्यामुळे सगळ्यांनी "विसर्जन होऊ दे मग बघू" असंच ठरवलेलं. ६ सप्टेंबरला विसर्जन झालं आणि ८ तारखेपासून फोन सुरू झाले. मी ठाण्याला नौपाड्यात बसते, वैयक्तिक रिटर्नची कामं जास्त, आणि त्या आठवड्यात आलेल्या कामांपैकी हे एक प्रकरण सविस्तर लिहितेय कारण यात दोन वेगवेगळ्या चुका एकात एक गुंतल्या होत्या आणि घरच्या लोकांना वाटत होतं की चूक एकच आहे, आणि ती बँकेची आहे.

काका रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली असतील, पाचपाखाडीला राहतात, पेन्शन, एफडीचं व्याज आणि त्या वर्षी म्युच्युअल फंड विकून झालेला नफा असं उत्पन्न. टीडीएस वजा जाऊन भरायचा टॅक्स निघाला ४८,३६० रुपये. हा आकडा मीच काढून दिला होता आणि म्हटलं होतं की काका, हे भरा, चलन पाठवा, मग रिटर्न टाकते. काका साठीच्या वरचे आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नाही, म्हणजे त्यांना ऍडव्हान्स टॅक्स लागत नाही, त्यामुळे त्यावर व्याजही काही नव्हतं. साधं काम होतं.

शुक्रवारी १२ तारखेला सकाळी अकराला काका आणि त्यांचा मुलगा दोघं ऑफिसात. मुलगा ऐरोलीला नोकरीला, सुट्टी टाकून आलेला. काकांचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, दोनदा पैसे गेले. शहाण्णव हजार. आणि तिकडे एक रुपया दिसत नाहीये."

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून त्यांनी मला एआयएसमधला, म्हणजे खात्याकडे आपल्या नावावर काय काय नोंदलंय त्या तक्त्यातला, टॅक्स पेमेंटचा भाग दाखवला. आर्थिक वर्ष २०२४-२५, खाली काहीच नाही, कोरं. (आधी ही माहिती २६एएस नावाच्या तक्त्यात दिसायची, आता तिथे टीडीएस आणि टीसीएसच राहिलंय, स्वतः भरलेला टॅक्स एआयएसमध्ये बघायचा. अजूनही खूप जण २६एएस उघडून घाबरतात.)

मी म्हटलं, दोन्ही पेमेंट वेगवेगळी धरू, कधी केलं, कुठून केलं, पोर्टलवरून काय मिळालं, एकेक सांगा.

पहिलं पेमेंट बुधवारी १० तारखेला रात्री नऊच्या सुमारास काकांनी स्वतः केलं होतं. त्यांचं खातं एका को-ऑपरेटिव्ह बँकेत, आणि ती बँक पोर्टलच्या नेटबँकिंगच्या यादीत नाही. अशा वेळी एनईएफटी-आरटीजीएसचा पर्याय घ्यायचा असतो. पोर्टल आधी एक सीआरएन तयार करतं, म्हणजे चलनाचा संदर्भ क्रमांक, आणि एक मँडेट फॉर्म देतं, त्यावर पैसे कुठल्या खात्याला पाठवायचे ते छापलेलं असतं, बँक रिझर्व्ह बँक, आणि खाते क्रमांक प्रत्येक चलनाचा वेगळा. ते तपशील आपल्या बँकेच्या ऍपमध्ये टाकून नेहमीसारखं ट्रान्सफर करायचं. काकांनी तसंच केलं. खात्यातून पैसे गेले, बँकेचा मेसेज आला, ट्रान्सफरचा यूटीआर नंबर आला. पण पोर्टलवर काही हललं नाही. दहा वाजले, अकरा वाजले, काही नाही.

रात्रभर काकांना झोप नाही. गुरुवारी सकाळी मुलाला सांगितलं, तो म्हणाला बाबा तुमच्या बँकेचं काही खरं नाही, मी माझ्या खात्यातून भरतो, तुमचे पैसे आले की मला द्या. त्याने काकांच्या लॉगिनमध्ये जाऊन नवीन चलन केलं, स्वतःच्या नेटबँकिंगने ४८,३६० भरले, दोन मिनिटांत पावती आली. पण एआयएस कोराच. गुरुवार संध्याकाळ कोरा, शुक्रवार सकाळ कोरा. म्हणून दोघं माझ्याकडे.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. खात्यातून पैसे जाणं आणि टॅक्स भरला जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. सीआरएन म्हणजे फक्त "मला एवढे भरायचेत" असं आपण लिहून दिलेलं. ते पैसे सरकारी खात्यात पोचले आणि बँकेने तसं कळवलं की मग सीआयएन तयार होतो, चलनाचा ओळख क्रमांक, पावतीवर त्याच्यासोबत बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, चलन नंबर आणि भरल्याची तारीख असते. सीआयएन आला तर टॅक्स भरला. सीआयएन नसेल तर बँकेचा मेसेज कितीही स्पष्ट असू दे, इन्कम टॅक्स खात्याच्या दृष्टीने तुम्ही काही भरलेलं नाही.

आणि हे बघायची जागा एआयएस नाही, तिथे यायला वेळ लागतो. e-File मधून e-Pay Tax मध्ये जायचं, तिथे वर टॅब दिसतात, त्यातले दोन महत्त्वाचे, `Generated Challans` आणि `Payment History`. चलन पहिल्या टॅबमध्येच बसून असेल तर पैसे पोचलेले नाहीत, दुसऱ्यात गेलं असेल तर पोचले. काकांचं १० तारखेचं चलन `Generated Challans` मध्येच होतं, आणि मुलाचं ११ तारखेचं `Payment History` मध्ये. म्हणजे दोन्ही पेमेंट "दिसत नाहीत" पण दोघांची कारणं पूर्ण वेगळी.

आधी पहिलं. मी काकांना मँडेट फॉर्म मागितला आणि बँकेचा मेसेज मागितला, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. फॉर्मवर रक्कम ४८,३६०. मेसेजमध्ये ४८,५००.

"काका, हे पाचशे कसे?"

"अहो, म्हटलं व्याजबिज काही निघालं तर कमी नको पडायला. जास्त गेले तर रिफंड येईलच की."

विचार चांगला होता पण एनईएफटीच्या चलनात तो चालत नाही. त्या चलनाच्या खात्याला मँडेटवर असलेलीच रक्कम लागते, रुपयाचाही फरक पडला की जुळत नाही आणि पैसे परत फिरतात. जास्त भरायचे असतील तर आधी चलनच जास्त रकमेचं करायचं. परत फिरलेले पैसे बँकांमध्ये खरं तर लवकर येतात, पण को-ऑपरेटिव्ह बँका बऱ्याचदा दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत एनईएफटी करतात, तिथून आलेली नोंद शाखेत कोणीतरी बघून खात्याला टाकेपर्यंत दिवस जातो. मी म्हटलं आत्ताच शाखेत जा, यूटीआर दाखवा आणि एवढंच विचारा की हे पैसे परत आलेत का. उद्या दुसरा शनिवार आहे, मग रविवार, आज नाही गेलात तर सोमवार उजाडेल.

दोघं जाऊन दीड तासात आले. पैसे गुरुवारीच परत आले होते, बँकेच्या मधल्या खात्यात पडून होते, संध्याकाळपर्यंत काकांच्या खात्यात टाकतो म्हणाले, आणि सहाच्या आत टाकले पण. म्हणजे पहिला विषय संपला, कर काही भरला गेला नव्हता, पैसे सुरक्षित. तो सीआरएन तसाच सोडून दिला, पंधरा दिवसांनी आपोआप बाद होतो.

मी मुद्दाम हे आधी मिटवून घेतलं. कारण दुसऱ्या चलनात दुरुस्ती करायची का, आणि कशी, हे पहिल्या पेमेंटवर अवलंबून होतं. समजा पहिले ४८ हजार योग्य वर्षात जमा झालेच असते, तर दुसरं चलन जास्तीचं ठरलं असतं आणि त्याचं काय करायचं हा वेगळाच हिशोब. पोर्टलवरून एका चलनाची दुरुस्ती एकदाच करता येते. एकदा केली की पुन्हा मनासारखं बदलायला असेसिंग ऑफिसरकडे, म्हणजे आपली फाईल बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज. म्हणून घाईत बटण दाबायचं नाही, आधी चित्र पूर्ण करायचं.

आता दुसरं चलन. मुलगा ठामपणे सांगत होता की मी सगळं बरोबर टाकलंय. "ताई, पावती आहे ना माझ्याकडे, पॅन बाबांचा आहे, रक्कम बरोबर आहे." पावतीची प्रिंट त्याने काढून आणली होती. पॅन खरंच काकांचा होता, आणि पैसे मुलाच्या खात्यातून गेले याने काही बिघडत नाही, चलनावर पॅन कोणाचा आहे तेवढंच बघितलं जातं. हेड बरोबर, ००२१, म्हणजे कंपनी सोडून इतरांचा आयकर. प्रकार बरोबर, ३००, सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः हिशोब करून भरलेला टॅक्स. मग मी बोट वरच्या ओळीवर ठेवलं.

असेसमेंट इयर २०२४-२५. त्याच्या खालीच फायनान्शियल इयर २०२३-२४.

त्याला दोन मिनिटं लक्षातच येईना. "पण उत्पन्न २०२४-२५ चंच आहे ना?" हो, उत्पन्न २०२४-२५ चं, आणि असेसमेंट इयर म्हणजे त्याच्या पुढचं, म्हणून २०२५-२६. त्याने ड्रॉपडाऊनमध्ये डोक्यात असलेला आकडा शोधला, तो यादीत होता, त्याने तो घेतला. पोर्टल अडवत नाही कारण मागच्या वर्षाचा टॅक्सही लोक खरोखर भरतात. मी जेवढी चुकीची चलनं बघितली त्यात सगळ्यात जास्त ही चूक असते. म्हणून पावती आली की मी सगळ्यांना सांगते असेसमेंट इयर वाचू नका, फायनान्शियल इयरची ओळ वाचा. ज्या एप्रिल ते मार्चमध्ये कमावलंत तेच वर्ष तिथे छापलेलं हवं, डोक्यात वजाबाकी करायची गरज नाही.

खात्री करायला एआयएसमध्ये वर्ष बदलून २०२३-२४ केलं. ४८,३६० तिथे दिसले, ११ सप्टेंबर २०२५ तारखेसकट. मुलगा खुर्चीत मागे टेकला. पैसे कुठे आहेत हे दिसलं की माणसाचा अर्धा जीव परत येतो.

आता दुरुस्ती. ती काही वर्षांपूर्वीपर्यंत बँकेत नाहीतर इन्कम टॅक्स ऑफिसात जाऊनच करावी लागायची, आता पोर्टलवर Services खाली Challan Correction म्हणून सोय आहे, असेसमेंट इयर २०२०-२१ पासूनच्या चलनांसाठी. तिथे तीन गोष्टी बदलता येतात, असेसमेंट इयर, मेजर हेड म्हणजे ते ००२१ आणि मायनर हेड म्हणजे तो ३०० वाला प्रकार, आणि तेही १००, ३०० किंवा ४०० प्रकारच्या चलनातच. पॅन चुकला किंवा रक्कम चुकली तर इथे काही होत नाही.

आणि मुदत. हेड बदलायला चलन भरल्यापासून ३० दिवस मिळतात. पण वर्ष बदलायला फक्त ७. हे खूप कमी लोकांना माहीत असतं, आणि नेमकी वर्षाचीच चूक जास्त होते. एआयएसमध्ये यायची वाट बघत बसलं की ते सात दिवस असेच निघून जातात, आज दिसेल उद्या दिसेल करत. हे दोघं दुसऱ्याच दिवशी आले म्हणून वाचले. मी १७ तारीख शेवटची धरून चालले होते, एक दिवस हाताशी ठेवून.

अजून एक अट, चलन वापरलेलं नसावं. म्हणजे असेसमेंट इयर २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ते चलन दाखवून त्याचा फायदा घेतला असेल तर ते अडकलं. इथे तो प्रश्न नव्हता, काकांचं मागचं रिटर्न आदल्या वर्षीच झालेलं.

काकांच्या लॉगिनमधूनच विनंती टाकली. नवीन रिक्वेस्ट, कुठली गोष्ट बदलायची त्यात असेसमेंट इयर निवडलं, चलन शोधायला वर्ष विचारतं तिथे चुकीचं वर्ष टाकायचं, म्हणजे २०२४-२५, कारण चलन तिथेच बसलंय. इथे बरेच जण योग्य वर्ष टाकतात आणि "रेकॉर्ड सापडत नाही" म्हणून सोडून देतात. चलन समोर आलं, त्याच्या तपशिलाखाली नवीन वर्ष २०२५-२६ निवडलं, पुढे आधार ओटीपी. ओटीपी काकांच्या जुन्या नंबरवर गेला, तो फोन घरी काकूंकडे, काकूंनी फोनवर सहा आकडे दोनदा वाचून दाखवले, आणि दुपारी चारच्या आत ट्रान्झॅक्शन आयडी मिळाला. तो लिहून ठेवा, त्याच जागी नंतर स्टेटस बघता येतं.

मग प्रश्न रिटर्नचा. तारीख १५, सोमवार. दुरुस्ती कधी होईल याची हमी नाही. मुलाचं म्हणणं होतं की अजून एकदा ४८,३६० योग्य वर्षात भरून टाकू आणि रिटर्न टाकू, डोक्याला ताप नको. मी नको म्हटलं. तिसरं पेमेंट म्हणजे परत रिफंडची वाट, आणि गरजही नव्हती. चलन खरं आहे, सीआयएन आहे, दुरुस्ती मुदतीत टाकलेली आहे. रिटर्नमध्ये चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि नंबर हाताने भरता येतो, ते आधीच तिथे दिसायला हवं असं नाही. उशीर केला असता तर काकांच्या उत्पन्नाला पाच हजार लेट फी लागली असती, आणि ती चलनाच्या चुकीपेक्षा महाग.

पण एक काळजी घेतली. रिटर्न रविवारी १४ ला सबमिट केलं, आणि व्हेरिफाय मुद्दाम केलं नाही. रिटर्न टाकल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर टाकल्याची तारीख तीच धरली जाते, आणि व्हेरिफाय होईपर्यंत ते प्रोसेसिंगला जातच नाही. साधी रिटर्नं हल्ली कधीकधी एक-दोन दिवसांत प्रोसेस होतात, आणि तेव्हा जर चलन अजून जुन्या वर्षात असेल तर सिस्टिमला ते सापडणार नाही आणि ती सरळ ४८ हजारांची डिमांड काढेल. मग आपण बरोबर असून धावायचं. हे मी काकांना नीट समजावलं, कॅलेंडरवर १० ऑक्टोबरला गोल करून दिला आणि स्वतःच्या वहीतही लिहिलं, कारण ही युक्ती विसरली आणि तीस दिवस उलटले की रिटर्न उशिराचं धरलं जातं, मग सगळंच वाया. ज्याला आठवण राहणार नाही त्याने हे करूच नये.

१५ ला पोर्टल प्रचंड स्लो होतं, रात्री उशिरा तारीख एक दिवस वाढवून १६ केली, आमचं आधीच झालेलं असल्यामुळे फरक पडला नाही. दुरुस्तीचं स्टेटस सोमवारी तेच, मंगळवारी तेच, बुधवारी काकांचे दोन फोन. गुरुवारी १८ ला झालेलं दिसलं. पावती पुन्हा डाऊनलोड केली तर त्यावर असेसमेंट इयर २०२५-२६, फायनान्शियल इयर २०२४-२५, सीआयएन तोच, तारीख ११ सप्टेंबरच. हे महत्त्वाचं, दुरुस्तीने भरल्याची तारीख पुढे जात नाही, मूळ दिवसच राहतो. एआयएसमध्ये ती नोंद नवीन वर्षाखाली यायला अजून काही दिवस गेले, त्यानंतरच मी काकांना व्हेरिफाय करायला बोलावलं.

सात दिवस निघून गेले असते तर काय, हे मुलाने विचारलं म्हणून सांगते. कोपरीच्या एका बाईंचं तसंच झालं होतं, अगदी हीच चूक, पण कळलं तेव्हा थेट १४३(१) ची इंटिमेशन हातात, म्हणजे रिटर्न प्रोसेस करून खात्याने पाठवलेला हिशोब, डिमांडसकट. तेव्हा आधी पोर्टलवर पॅन टाकून आपला असेसिंग ऑफिसर कोण ते बघायचं. राहता ठाण्यात म्हणून ऑफिस ठाण्यात असेल असं नसतं, पॅनवर जुना पत्ता असेल तर फाईल तिकडेच असते, त्यांची मुंबईतच निघाली. ऑफिसरला पत्र, सोबत चलनाची पावती, इंटिमेशन, आणि ज्या वर्षात पैसे चुकून गेले त्या वर्षाच्या रिटर्नची प्रत, म्हणजे हे चलन तिथे वापरलेलं नाही हे कळतं. पोच घ्यायची. त्याच वेळी पोर्टलवर डिमांडला "मान्य नाही" असं उत्तर द्यायचं, चलनाचे तपशील टाकून, गप्प बसायचं नाही, कारण डिमांड तीस दिवसांच्या पुढे गेली की महिन्याला एक टक्का व्याज चढतं आणि दुसऱ्या वर्षीचा रिफंड असेल तर तो तिकडे वळवला जाऊ शकतो. ऑफिसरने चलन सरकवलं की मग रेक्टिफिकेशनमध्ये रिटर्न पुन्हा प्रोसेस करायची विनंती. हा क्रम उलटा केला, म्हणजे चलन सरकायच्या आधीच रेक्टिफिकेशन टाकलं, की तीच डिमांड पुन्हा येते. त्या बाईंनी माझ्याकडे यायच्या आधी दोनदा तसं केलं होतं. सगळं मिटायला पाच महिने लागले.

काकांना इंटिमेशन नोव्हेंबरमध्ये आली. ते प्रिंट घेऊन ऑफिसात आले, चष्मा लावून स्वतः ती ओळ शोधली. सेल्फ असेसमेंट टॅक्स, आपण दाखवलेल्या रकान्यात ४८,३६० आणि खात्याने धरलेल्या रकान्यातही ४८,३६०, खाली भरायची रक्कम शून्य. मुलाचे पैसे त्यांनी सप्टेंबरातच चेकने दिले होते.